अकरा मिनिटांचा जवळचा रस्ता

फोनवरच्या नकाशाला एखाद्या गावाचा रस्ता विचारला की तो पुष्कळदा दोन रेषा काढून देतो. एक ठळक, एक फिकट. सोलापूर-सांगलीच्या पठारावर कुठेही सापडेल अशी एक जोडी उदाहरणासाठी घेऊ. मोठ्या रस्त्यानं ६२ किलोमीटर, एक तास सतरा मिनिटं. मधल्या गावांतून ४७ किलोमीटर, एक तास सहा मिनिटं. म्हणजे गावांतून गेलं तर अकरा मिनिटं वाचतात आणि पंधरा किलोमीटरचं पेट्रोलही वाचतं. रात्रीचे नऊ वाजून गेलेत, घरचे गाडीत बसलेत आणि फाटा दोन किलोमीटरवर आहे. वळायचं की सरळ जायचं?

प्रश्न साधा दिसतो, कारण दोन्ही आकडे एकाच अक्षरात, एकाच रंगात, शेजारी शेजारी छापलेले असतात. पण सतरा मिनिटांतलं ते सतरा आणि सहा मिनिटांतलं ते सहा यांची जात वेगळी आहे. एक आकडा मोजलेला आहे, दुसरा बहुतांशी अंदाजाचा. हा फरक एकदा कळला की नकाशाची रेषा वेगळ्याच नजरेनं वाचता येते.

रेषा निघते कशी

१९५६ साली एड्स्खर डाइक्स्ट्रा नावाचा सव्वीस वर्षांचा डच तरुण अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करत होता. तिथं आरमॅक नावाचा नवा संगणक तयार होत होता आणि उद्घाटनाला येणाऱ्या सामान्य माणसांना समजेल असा एखादा प्रश्न त्याच्याकडून सोडवून दाखवायचा होता. डाइक्स्ट्रानं प्रश्न निवडला तो असा: रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यांत जवळचा रस्ता कोणता? होणाऱ्या बायकोबरोबर बाजारहाट करून दमल्यावर दोघं एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेत बसले. तिथं कागद-पेन्सिलीशिवाय, वीस मिनिटांत, त्याला उत्तराची रीत सुचली. ती छापून आली १९५९ साली, अवघ्या तीन पानांत. आज जगातले बहुतेक नकाशे त्याच रीतीच्या वंशातल्या रिती वापरतात.

रीत अशी. प्रत्येक फाटा हा एक बिंदू, दोन फाट्यांमधला रस्ता ही एक रेघ, आणि प्रत्येक रेघेवर लिहिलेला एक आकडा: ही रेघ ओलांडायला किती वेळ लागतो. आता निघण्याच्या ठिकाणी पाटाचं पाणी सोडलं आहे असं समजा. ते सगळ्या रेघांतून एकाच वेळी पुढं सरकतं आणि जो फाटा वेळेनं सर्वांत जवळचा, तिथं सर्वांत आधी पोचतं. एकदा फाटा भिजला की त्याचा हिशेब संपला, कारण नंतर दुसऱ्या कुठल्या वाटेनं आलेलं पाणी उशिराच पोचणार. असं करत करत पाणी मुक्कामाच्या गावी पोचतं, आणि ते ज्या वाटेनं आलं ती वाट सर्वांत कमी वेळाची. हे गणितानं सिद्ध करता येतं. त्यात ‘बहुधा’ नाही.

भारताएवढ्या देशात असे फाटे कोट्यवधी आहेत आणि तरीही उत्तर डोळ्याची पापणी लवण्याआधी येतं. त्यासाठी पुढच्या लोकांनी युक्त्या काढल्या. जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये २००८ साली निघालेली एक रीत बिनमहत्त्वाचे फाटे आधीच गाळून टाकते आणि ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढी मिनिटं’ अशा तयार रेघा मांडून ठेवते. आपण प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक हिशेब आधीच झालेला असतो.

थक्क व्हावं असंच हे यंत्र आहे. पण ते अचूक आहे कशाच्या बाबतीत, हे नीट पाहायला हवं. रेघांवर लिहिलेल्या आकड्यांची बेरीज सर्वांत कमी कुठं होते, एवढंच ते अचूक सांगतं. ते आकडे खरे आहेत का, हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

आकडा लिहितो कोण

मोठ्या रस्त्यावरचा आकडा आपण सगळे मिळून लिहितो. खिशातला किंवा डॅशबोर्डवरचा फोन आपली जागा आणि वेग कळवत असतो, आणि अशा शेकडो फोनांच्या वेगावरून त्या तुकड्यावर या घडीला गाड्या कशा चालल्या आहेत ते समजतं. मागच्या महिन्यांतल्या याच वारी याच वेळचे वेगही जमा असतात. त्यामुळं मोठ्या रस्त्यावरची ती एक तास सतरा मिनिटं म्हणजे कालपरवा, आणि आत्ताही, खऱ्या माणसांना खरोखर लागलेला वेळ. त्यात चूक झाली तर चार-पाच मिनिटांची.

आता गावांमधला मातीचा तुकडा पाहा. दिवसभरात तिथून मोजके फोन जातात. त्यांतले बरेचसे दुचाकीवरचे असण्याची शक्यता मोठी, कारण पठारावरच्या गावांत शेतात, दूध डेअरीवर किंवा तालुक्याला जायचं साधन बहुधा दुचाकीच. दुचाकी चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून, खड्ड्याच्या कडेनं, गवतातून निघून जाते. चारचाकीची चाकं मात्र दोन्हीकडे पडतात. रात्री नऊनंतर तर तिथून कोणीच जात नसेल. जिथं मोजायला कोणी नाही, तिथं यंत्राला काहीतरी मानून चालावं लागतं.

काय मानतात? मोठ्या कंपन्यांची सूत्रं उघडी नाहीत. पण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर चालणारी ओएसआरएम नावाची प्रणाली उघडी आहे, आणि तिची चारचाकीसाठीची नियमांची फाइल कोणालाही वाचता येते. तिच्यात प्रत्येक जातीच्या रस्त्याला एक वेग ठरवून दिलेला आहे, आणि पृष्ठभाग कसा आहे त्यावरून वरची मर्यादा. नकाशा काढणाऱ्यानं एखाद्या रस्त्याची नोंद अशी केली असेल:

```
highway=tertiary
surface=unpaved
```

तर प्रणाली त्याला ताशी ४० किलोमीटर देते. दुसऱ्या ओळीत `mud` म्हणजे चिखल लिहिलं असतं तर १० दिले असते. आणि दुसरी ओळ लिहायचीच राहिली असेल, तर रस्त्याची जात पाहून ठरलेला वेग लागतो. खाली डांबर आहे की मुरूम हा प्रश्नच उरत नाही. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी रस्त्यांवर ही दुसरी ओळ नाही. त्या फाइलीत दिवस-रात्र असा भेद नाही, आणि पावसाळा नावाची गोष्टही नाही.

ताशी ४० हा आकडा काही मूर्खपणाचा नाही. जगभरच्या कच्च्या रस्त्यांना मिळून एकच आकडा द्यायचा तर असाच कुठला तरी द्यावा लागेल. नुसता दाबलेला मुरूम, खडीकरण होऊन डांबराची वाट पाहणारा रस्ता, काळ्या रानातली पाणंद, धरणाच्या कडेची गाडीवाट, या सगळ्यांना तो सारखाच लागतो. अडचण तिथं आहे.

सर्वांत कमी आकडाच का फसवतो

आता या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट.

समजा, मोठा रस्ता सोडून मुक्कामी पोचायच्या दहा आडवाटा आहेत आणि रात्री प्रत्येकीला खरोखर नव्वद मिनिटं लागतात. यंत्राला ते माहीत नाही; त्याच्याकडे अंदाज आहेत. अंदाज म्हटला की तो थोडा इकडं, थोडा तिकडं चुकणारच. एका वाटेसाठी त्यानं १०५ धरली, दुसरीसाठी ९५, तिसरीसाठी ८०, आणि एकीसाठी ६६. मोठ्या रस्त्याची ७७ मिनिटं पक्की मोजलेली आहेत. यंत्र कोणती रेषा दाखवेल? अर्थात ६६ ची. ज्या वाटांचा वेळ त्यानं चुकून जास्त धरला त्या आपल्या पडद्यावर कधी येतच नाहीत. ज्या वाटेचा वेळ सर्वांत कमी धरला गेला, नेमकी तीच वर येते.

म्हणजे यंत्राच्या चुका दोन्ही बाजूंना समान वाटलेल्या असल्या, तरी आपल्यासमोर येणारी चूक जवळपास नेहमी एकाच बाजूची असते. यात कोणाची लबाडी नाही आणि गणितही चुकलेलं नाही. अंदाजांच्या ढिगातून सर्वांत कमी निवडायचं ठरवलं की हे आपोआप घडतं.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते तेलाच्या धंद्यातल्या अभियंत्यांनी, १९७१ साली. समुद्रातल्या एखाद्या पट्ट्याखाली किती तेल आहे याचा अंदाज करून कंपन्या लिलावात बोली लावत. ज्या कंपनीचा अंदाज सर्वांत फुगलेला तिची बोली सर्वांत मोठी, म्हणून पट्टा तिला. आणि मग तेल निघायचं अंदाजाहून कमी. लिलाव जिंकणं हीच अंदाज चुकल्याची खूण ठरायची. मातीतून जाणारी जवळची रेषा ही अशीच जिंकलेली बोली आहे. नकाशानं सुचवला म्हणून तो रस्ता जास्त विश्वासाचा, असं आपल्याला वाटतं. खरं तर मोजमाप नसलेल्या रस्त्याची नकाशानं निवड केली, एवढ्याच कारणानं त्याच्या वेळेत थोडी भर घालून वाचायला हवं.

अंधारात खड्ड्याची खोली

रात्र यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि तीही मोजता येते.

मुरमाच्या रस्त्यावर अर्धा मीटर लांबीचा खड्डा तीस मीटर पुढं आहे असं धरा. गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटर वीस सेंटिमीटरवर असतात. तिथून निघालेली नजर खड्ड्याच्या अलीकडच्या कडेवरून जाऊन पलीकडच्या भिंतीवर टेकते, ती वरून केवळ दोन सेंटिमीटर खाली. त्याखालचं काही दिसत नाही. हेडलाइट डोळ्यांहूनही खाली, साधारण पासष्ट सेंटिमीटरवर. त्याचा उजेड त्या भिंतीवर एकच सेंटिमीटर उतरतो. म्हणजे तीन सेंटिमीटरचा खळगा आणि वीस सेंटिमीटरचा खड्डा तीस मीटरवरून अगदी सारखे दिसतात: एक काळी आडवी रेघ. साध्या छोट्या कारच्या पोटाखाली मोकळी जागा असते ती साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. ऑइल चेंबर फुटणार की नाही हे ठरवणारा फरक नेमका त्या काळ्या रेघेत दडलेला असतो.

दिवसाही नजरेचा कोन हाच असतो. पण दिवसा वरून आभाळाचा उजेड खड्ड्यात पडतो, आणि शंभर मीटर पुढचं दिसत असल्यानं आधीच्या गाड्यांची चाकोरी कुठं वळसा घेते ते वाचता येतं. गावच्या लोकांनी रोज जाऊन-येऊन रस्त्यावर लिहून ठेवलेली ती सूचना रात्री आपल्याला मिळत नाही.

खड्ड्यात पाणी असेल तर गोष्ट उलटी होते. कोरडी माती हेडलाइटचा थोडा उजेड आपल्याकडे परत फेकते म्हणून ती भुरकट दिसते. साचलेलं पाणी आरशासारखं वागतं आणि उजेड पुढंच फेकून देतं. त्यामुळं ते काळंभोर, गुळगुळीत दिसतं, थेट नव्या डांबराच्या पट्ट्यासारखं. कच्च्या रस्त्यावर रात्री अचानक छान काळा तुकडा दिसला तर पाय ब्रेकवर जायला हवा.

आता थांबायला लागणारं अंतर. डिपरच्या उजेडात नीट दिसतं ते साधारण चाळीस-पन्नास मीटर, आणि काळी रेघ हा खड्डा आहे हे ओळखू येतं वीस-पंचवीस मीटरवर. काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, आणि सुट्या मुरमावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या जेमतेम निम्मी धरली, तर ताशी ५० च्या वेगाला थांबायला पंचेचाळीस मीटर लागतात, ४० ला बत्तीस, आणि ३० ला एकवीस. म्हणजे खड्डा ओळखून त्याच्या अलीकडे थांबायचं तर वेग तिशीच्या वर नेता येत नाही. हा जास्तीत जास्त वेग झाला. वळणं, वस्त्या, ओढ्याचे उतार आणि रस्त्यात बसलेली गुरं धरून सरासरी येते ती अठरा-वीसची. नियमांच्या फाइलीतल्या चाळिसाशी हा आकडा ताडून पाहा.

उदाहरणाचा हिशेब

आता सुरुवातीच्या जोडीकडे परत जाऊ आणि ४७ किलोमीटरची रेषा तुकड्यांत मोडू. पहिले १८ किलोमीटर चांगला जिल्हा मार्ग, पुढचे १४ गावाचा अरुंद डांबरी रस्ता, आणि शेवटचे १५ कच्चे.

चांगल्या तुकड्यावर रात्री ताशी ५० मिळाले तर २२ मिनिटं. अरुंद डांबरीची रुंदी साधारण पावणेचार मीटर असते. समोरून जीप आली तर दोघांनाही साइडपट्टीवर उतरावं लागतं, म्हणून तिथं ३० धरू: २८ मिनिटं. पक्क्या रस्त्याचेच असे ५० झाले. मोठ्या रस्त्यालाही रात्रीचा थोडा भुर्दंड लावू आणि ७७ ऐवजी ८३ मिनिटं धरू. मग कच्च्या पंधरा किलोमीटरसाठी उरतात ३३ मिनिटं. तेवढ्यात ते पार करायचे तर ताशी २७ ची सरासरी हवी.

एवढा हिशेब केला की अख्खा प्रश्न एका ओळीत येतो: या अंधारात, या मुरमावर, सलग पंधरा किलोमीटर, मला २७ ची सरासरी राखता येईल का? वरचा वेग तीस असेल तर सत्तावीसची सरासरी मिळणं जवळजवळ अशक्य. अठराच्या सरासरीनं त्या तुकड्याला पन्नास मिनिटं लागतात, आणि ‘जवळचा’ रस्ता एक तास चाळीस मिनिटांचा होतो. मोठ्या रस्त्यापेक्षा सतरा मिनिटं जास्त.

पण ही तर सगळं सुरळीत झाल्याची गोष्ट. कच्च्या रस्त्यावर बारा किलोमीटर आत गेल्यावर ओढ्याला पाणी निघालं, किंवा कोणी पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणून ठेवला, तर काय? तिथवर नव्वद मिनिटं गेलेली. वाटेत दुसरा फाटा नसेल तर परत यायला नव्वद. आणि मग मोठ्या रस्त्याची ८३. एकूण चार तास तेवीस मिनिटं, म्हणजे बरोबर तीन तासांचं नुकसान. नकाशाचा अकरा मिनिटांचा वायदा शब्दशः खरा मानला तरी, सोळा वेळांतून एकदा जरी असं परतावं लागलं तरी आधीच्या सगळ्या वेळांची बचत त्या एका रात्रीत जाते.

मोठ्या रस्त्याची चूक अशी वाढत नाही. तिथंही धोके आहेतच: गळिताच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, समोरून अप्पर लावून येणारे ट्रक, कडेला बंद पडलेली गाडी. पण तिथं अडलो तर मागून दुसरं कोणी येतं, फोनला रेंज असते, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक चालतो. तिथला उशीर मिनिटांत मोजायचा असतो. आडवाटेचा तासांत.

रेषा आणि पाणी जिथं भेटतात

वेळेचं नुकसान ही त्यातली सौम्य बाजू. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईकडे निघालेल्या प्रवाशांची गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात थेट पाण्यात गेली. नकाशानं जवळचा म्हणून दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघं बाहेर पडू शकले, गाडी चालवणाऱ्याचा जीव गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र पूल अखंड होता.

दोन्ही ठिकाणी नकाशात रस्ता होता, आणि जमिनीवरही तो एके काळी होता. नकाशाला रस्ता ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच ठाऊक असतं. आठ महिने असणारा आणि चार महिने पाण्याखाली जाणारा रस्ता ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. तिला त्या रेषेत जागा नाही. म्हणून कच्च्या रेषेवर सर्वांत आधी तपासायचं ते हे: ती निळ्या रेघा कुठं ओलांडते.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटं

नकाशाचं उपग्रहचित्र उघडा आणि आडवाट बोटानं हळूहळू सरकवत जा. डांबरी रस्ता राखाडी आणि सारख्या रुंदीचा दिसतो. मुरमाचा तांबूस किंवा पिवळसर, कडा फुटलेल्या. काळ्या रानातली पाणंद ओळखायची खूण पक्की आहे: दोन समांतर बारीक रेघा आणि मध्ये गवताची हिरवी पट्टी. अशी हिरवी पट्टी दिसली की तिथून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातात, कार नव्हे. पाऊस पडून गेला असेल तर काळी माती फुगून साबणासारखी निसरडी होते, आणि तिथं कार कडेला जाऊन बसली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

ओढ्यापाशी आणखी जवळ जा. पूल उंच असेल तर त्याची सावली पाण्यावर पडलेली दिसते. सावली नाही आणि रस्ता तिथं फिकट पांढरट होतो, तर ती फरशी आहे; पाणी आलं की ते तिच्यावरूनच जाणार. आणि ओढा चित्रात कोरडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पावसाळ्यात आभाळ ढगांनी झाकलेलं असतं, म्हणून स्वच्छ चित्रं बहुतेक कोरड्या महिन्यांतली असतात. उपग्रहाला आपला ओढा वाहताना सहसा दिसतच नाही.

मग रेषेवर रहदारीचा थर चढवून पाहा. जिथं हिरवा-नारिंगी-लाल असा कुठलाच रंग नाही, तिथं वाट मोकळी आहे असं समजू नका. तिथं सांगण्याजोगं मोजमाप नाही, एवढाच त्याचा अर्थ. वेझ आणि ऑस्मअँड या अॅपमध्ये कच्चे रस्ते टाळण्याची सोय आहे. रात्रीसाठी ती चालू ठेवावी. पण जिथं नोंदच नाही, तिथं तीही आंधळी असते, हे ध्यानात असू द्यावं.

या सगळ्याहून पक्की माहिती एका फोनवर मिळते. त्या वाटेवरच्या गावात कोणी नातेवाईक, ओळखीचा दुकानदार, पेट्रोल पंपावरचा माणूस असेल तर त्याला विचारा, पण ‘रस्ता कसा आहे?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘चांगलाय की’ असंच येतं, कारण तो दुचाकीवरून, दिवसा, रोज जातो. विचारा: त्या रस्त्यानं एसटी येते का? मुक्कामाची गाडी असते का? ओढ्यावर पूल आहे की फरशी, आणि आज पाणी आहे का? तुम्ही स्वतः आत्ता कार घेऊन त्या बाजूनं गेला असता का? एसटी रोज येत असेल तर रस्त्याला रुंदी आहे, वळायला जागा आहे आणि काही बिघडलं तर ओरड करणारं गाव आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांना जे कळत नाही ते लालपरीच्या वेळापत्रकात सापडतं.

हे सगळं करूनही शंका उरली, आणि फरक अर्ध्या तासाच्या आतला असेल, तर रात्री मोठ्या रस्त्यानंच जावं. आडवाट दिवसा पाहून घ्यावी. पाहून आलात की आणखी एक काम जरूर करा: ओपनस्ट्रीटमॅपवर त्या रस्त्याची दुसरी ओळ भरा, किंवा तुमच्या अॅपमध्ये चूक कळवा. डांबर आहे, मुरूम आहे की फरशीवरून पाणी जातं, हे तिथून गेलेल्या माणसालाच ठाऊक असतं, आणि ते लिहिलं नाही तर पुढच्या गाडीला पुन्हा तीच अकरा मिनिटं दिसतील.